फाट्यापासून दारापर्यंत

नोकरी सोडून जाणाऱ्या कामगाराकडून कंपनी एक कागद भरून घेते. त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी काही वर्षं होते, तेव्हा हे कागद फाइलला लावायचं काम माझ्याकडे असायचं. पुरुषांच्या कागदांवर नाना कारणं सापडायची. कुणाला दुसरीकडे जास्त पगार मिळालेला, कुणाचं सुपरवायझरशी वाजलेलं, कुणाला गावाकडे शेती बघायची असायची. बायकांच्या कागदांवर मात्र जवळजवळ नेहमी दोनच शब्द: 'घरगुती अडचण'. वरचे साहेब ते वाचून मान डोलवायचे. बायकांचं हे असंच असतं, सासू असते, लेकरं असतात, त्याला कंपनी काय करणार!

एका दिवाळीनंतर दुसऱ्या पाळीत इतकी माणसं कमी पडली की लाईन अर्धी बंद ठेवायची वेळ आली. तेव्हा मी त्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसले आणि प्रत्येकीच्या नावापुढे ती कंपनीच्या बसमधून कुठे उतरायची ते लिहीत गेले. गठ्ठा संपला तेव्हा चित्र उघड होतं. नोकरी सोडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी दोन फाट्यांवर उतरणाऱ्या होत्या. गावात, बाजारपेठेच्या चौकात उतरणाऱ्या बहुतेक जणी अजून कामावर होत्या. घरगुती अडचण असेल तर ती नेमकी दोन फाट्यांवरच कशी उतरते?

दुसऱ्या दिवशी रात्री बाराची पाळी सुटल्यावर मी त्याच बसमध्ये बसले. पन्नास सीटची मोठी बस, त्यामुळे ती महामार्ग सोडत नाही. राजगुरुनगरच्या अलीकडे एका फाट्यावर ती थांबली आणि सात जणी उतरल्या. तिथे ना दुकान उघडं, ना दिवा. तीन मोटारसायकली उभ्या होत्या. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, एकीचे म्हातारे वडील कानटोपी घालून आलेले. चौघींची सोय झाली, त्यात एक गाडी ट्रिपल सीट. उरलेल्या तिघी मोबाइलचा टॉर्च लावून आत वस्तीच्या रस्त्याला लागल्या. रस्ता सव्वा किलोमीटरचा, दोन्ही बाजूंना ऊस आणि वाटेत कुत्र्यांची टोळी. त्यातली एक म्हणाली, "ताई, नवऱ्याचीपण नाईट असली ना, की मी तेवढे दिवस सिक टाकते."

त्या एका वाक्यात सगळा हिशोब आहे. कंपनी कागदावर म्हणते की आम्ही बस दिली. खरं तर तिने प्रवासाचा मोठा भाग उचलला आणि सगळ्यात अवघड भाग त्या बाईच्या घरावर टाकला. त्या भागाची किंमत म्हणजे रोज रात्री घरातल्या एका पुरुषाची झोप. पहिला महिना नवरा उत्साहाने येतो. दुसऱ्या महिन्यात पाऊस लागतो, त्याला स्वतःला सकाळी सहाची पाळी असते, मग कुरबुर सुरू होते. तिसऱ्या महिन्यात घरात बैठक बसते आणि निकाल लागतो. कागदावर त्याचंच नाव घरगुती अडचण.

या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती माहीत नसेल तर आजची अर्धी गोष्ट कळत नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं ६६वं कलम बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर कारखान्यात काम करू देत नव्हतं. राज्य सरकार त्यात थोडी सूट देऊ शके, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत काही झालं तरी नाही. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की साडेतीन ते बारा ही दुसरी पाळीसुद्धा बायकांना बंद. जिथे तीन पाळ्या दर आठवड्याला फिरतात तिथे मालक म्हणे, एकाच पाळीत येणारी माणसं घेऊन मी पाळ्या फिरवू कशा? मग बाईला घ्यायचंच नाही, हा सोपा उपाय. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी समानतेच्या हक्काविरुद्ध असल्याचं सांगून रद्द ठरवली. महाराष्ट्राने २०१५ साली आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि काही अटींवर रात्रीची दारं उघडली. दुकानं, कार्यालयं यांच्यासाठी २०१७चा वेगळा कायदा आला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेचं ४३वं कलम सरळ म्हणतं की बाईला सगळ्या प्रकारच्या कामांवर घेता येईल. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधीही घेता येईल, मात्र तिच्या संमतीने आणि सरकार ठरवेल त्या सुरक्षेच्या अटींवर.

महाराष्ट्राच्या दुरुस्तीत वाहतुकीची अट होती ती कारखान्यापासून 'घराच्या जवळच्या ठिकाणापर्यंत' पोचवण्याची. आता हे जवळचं ठिकाण म्हणजे कुठलं? मोठ्या बसच्या ठेकेदाराच्या मते फाटा. घरच्यांच्या मते अंगणाचं फाटक. या दोन ठिकाणांमध्ये जे सव्वा किलोमीटर अंतर पडतं, त्यावर बाईची नोकरी टिकते किंवा सुटते.

मग उपाय काय? लहान गाड्या. पण हे बोलायला सोपं आहे, बसवायला नाही. आमचा हिशोब सांगते, कारण कुठल्याही कारखान्यात तो असाच करावा लागतो. राजगुरुनगरच्या बाजूला दुसऱ्या पाळीच्या ३४ जणी होत्या. मोठ्या बसऐवजी सतरा सीटचे दोन टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायचे ठरले. सतरा जणींना प्रत्येकीच्या दारात सोडायचं तर आत वळणं, थांबणं, ती घरात जाईपर्यंत वाट बघणं आणि परत हमरस्त्याला येणं, यात एका दारामागे तीन मिनिटं धरा. सतरा त्रिक एक्कावन्न, आणि मूळ रस्त्याची पंचवीस मिनिटं. म्हणजे सव्वा तास. बारा वाजून पंधरा मिनिटांनी निघालेली गाडी शेवटच्या बाईला दीडच्या पुढे सोडणार. सुरक्षित झाली, पण ती झोपणार कधी?

इथे बऱ्याच कंपन्या हात टेकतात आणि परत फाट्यावर येतात. आम्ही यादी घेऊन बसलो आणि नावं मोजायची सोडून ठिकाणं मोजली. सतरा जणी प्रत्यक्षात नऊच ठिकाणी राहत होत्या. एका चाळीत चौघी, एका वस्तीत समोरासमोर तिघी, दोन बहिणी एका घरात. नऊ ठिकाणांची सत्तावीस मिनिटं आणि रस्त्याची पंचवीस, मिळून बावन्न. शेवटची बाई एक वाजून सात मिनिटांनी दारात. तासाच्या आत बसलं की चालतं, हा आमचा ठोकताळा होता. त्यापलीकडे गेलं तर गाडी वाढवायची किंवा त्या टोकाच्या गावातून नवी भरती करायची नाही, आणि हे भरती करणाऱ्याला आधीच सांगायचं. भरती एकीकडे आणि वाहतूक दुसरीकडे बघितली जाते, तिथे पहिली चूक इथेच होते. माणूस मिळतंय म्हणून पंचवीस किलोमीटरवरून घेतात आणि गाडीचं नंतर बघू म्हणतात.

गाडी दारात गेली म्हणजे भीती संपली असं नाही. भीतीचा एक भाग गाडीतच बसलेला असतो. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओतल्या तरुणीवर तिला न्यायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या मित्राने अत्याचार केला आणि तिचा खून केला. गाडी कंपनीने ठेक्याने लावलेली होती. ड्रायव्हरसोबत गाडीत एक परका माणूस बसलेला होता. पुण्याच्या आसपासच्या घरांमध्ये ती घटना अजून विसरलेली नाही. मुलीच्या नोकरीची बोलणी चालू असताना घरातलं कुणीतरी तिचा विषय काढतंच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

त्या घटनेनंतर ड्रायव्हरची पोलिस पडताळणी, गाडीत जीपीएस, बाईला पहिलं घ्यायचं नाही नि शेवटचं सोडायचं नाही, शेवटच्या बाईसोबत गार्ड, असे नियम सगळ्यांच्या तोंडी आले. नियम बरोबर आहेत. ते मोडतात कुठे, हे मात्र रात्री गेटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मला सगळ्यात कमकुवत जागा दिसली ती बदली ड्रायव्हरची. पडताळणी झालेला ड्रायव्हर गावच्या जत्रेला जातो. ठेकेदार भाच्याला पाठवतो. गाडी तीच, नंबर तोच, माणूस वेगळा. फाइलमध्ये सगळं चोख. म्हणून गेटवरच्या सिक्युरिटीकडे ड्रायव्हरांच्या फोटोंची यादी हवी आणि यादीत नसलेल्या माणसाची गाडी बाहेर सोडायची नाही हा अधिकार रात्रीच्या गार्डला हवा. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणण्याची सोयच ठेवायची नाही, कारण साहेब रात्री बाराला फोन उचलत नाहीत.

जीपीएसचं तसंच. गाडीवर यंत्र बसवलेलं असतं, पण साडेबाराला त्याच्या पडद्याकडे बघणारा कोण? आम्ही तपासलं तेव्हा ते लॉगिन दिवसाच्या ट्रान्सपोर्ट कारकुनाकडे होतं आणि तो सहाला घरी जायचा. मदतीच्या नंबरचं काय, ते बघायचं तर एकच परीक्षा आहे. रात्री पाऊणला स्वतः फोन लावून बघायचा. किती रिंगनंतर उचलला, कुणी उचलला, आणि 'गाडी पंक्चर झाली, आम्ही अमुक ठिकाणी आहोत' म्हटल्यावर पुढचा माणूस काय करतो? दुसरी गाडी किती वेळात निघते? या परीक्षेत नापास होणाऱ्या कंपन्यांच्या भिंतीवर तो नंबर सहसा मोठ्या अक्षरांत लावलेला असतो.

आता नियमांकडे, म्हणजे ज्याला कंपनीत पॉलिसी म्हणतात. कायदा संमती मागतो. ती घेतली कशी जाते? रुजू होण्याच्या दिवशी वीस-पंचवीस कागदांवर सह्या होतात. पीएफचा फॉर्म, बँकेचा, ड्रेसचा, सेफ्टी शूजचा. त्यात इंग्रजीतला एक कागद असतो की मी रात्री काम करायला राजी आहे. मुलगी फुली दाखवलेल्या जागी सही करते. याला संमती म्हणणं म्हणजे थट्टा आहे. संमतीचा कागद मराठीत हवा, गरज असेल तिथे हिंदीत, कारण चाकण-रांजणगावात आता विदर्भ-मराठवाड्याइतक्याच झारखंड-ओडिशाच्या मुलीही आहेत. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. संमती मागे घेता येते का आणि घेतली तर काय होतं? तोंडी उत्तर सगळीकडे गोडच असतं. ठेकेदाराचा माणूस नंतर म्हणतो, 'नाईट नको? मग उद्यापासून येऊ नको.' कागदावर लिहिलेलं असेल की महिनाभर आधी कळवून ती दिवसपाळीत जाऊ शकते आणि नाव कटणार नाही, तरच त्या सहीला अर्थ येतो.

काही कारखान्यांत संमतीच्या कागदावर घरच्यांचीही सही मागतात, नवऱ्याची किंवा वडिलांची. कंपनीला वाटतं, उद्या काही झालं तर आपण सुटलो. मला हे मान्य नाही. सज्ञान बाईची संमती तिचीच. घरच्यांना विश्वासात घेणं वेगळं, त्यावर पुढे येतेच. त्यांच्या सहीशिवाय तिला काम न देणं म्हणजे गाडीची जबाबदारी झटकून ती पुन्हा घरावर टाकणं.

आणखी एक नियम लिहून ठेवायचा, तो अगदी क्षुल्लक वाटतो. गाडी सुटायच्या वेळी कुठल्याही बाईला लाईनवर थांबवायचं नाही. दुसऱ्या पाळीच्या शेवटी एखादा लॉट खराब निघतो. सुपरवायझर सहा जणींना थांबवतो, अर्ध्या तासाचं रीवर्क आहे म्हणतो. चौतीस जणींची गाडी सहा जणींसाठी थांबत नाही. मग त्या सहा जणींना साडेबारा वाजता कुणाच्या तरी पिकअपमध्ये बसवून दिलं जातं, त्यात ना गार्ड ना जीपीएस. माझ्या बघण्यातल्या सगळ्या अनवस्था प्रसंगांची सुरुवात अशा अर्ध्या तासाच्या ओव्हरटाइममध्ये होती. ओव्हरटाइम हवा असेल तर रात्री नऊच्या आत सांगायचा, परतीची गाडी ठरवून मगच. नाहीतर ते रीवर्क सकाळच्या पाळीने करावं.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा बहुतेकांना आता ऐकून माहीत आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी, सदस्यांत निम्म्या तरी बायका हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. दोन गोष्टी मात्र लाईनवरच्या मुलींना जवळजवळ कुणीच सांगत नाही. एक म्हणजे कंपनीने दिलेली गाडी हेही कायद्याच्या दृष्टीने कामाचं ठिकाण आहे. गाडीत ड्रायव्हर आरशातून बघून काही बोलला, मागच्या सीटवरचा सहकारी नको तितका जवळ सरकला, तर ती तक्रार याच समितीकडे जाते. दुसरं म्हणजे ठेकेदारामार्फत आलेली मुलगीही या कायद्याखाली कर्मचारीच आहे. 'तू आमच्या रोलवर नाहीस' हे उत्तर चुकीचं आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. समितीच्या सदस्यांची नावं रिसेप्शनच्या काचेवर लावून उपयोग नाही, तिथे कामगार जात नाहीत. ती बायकांच्या चेंजिंग रूममध्ये लावावीत, आणि समितीतलं एक तरी माणूस रात्रीच्या पाळीत हजर असावं.

आता वळते ज्या गोष्टीला सगळ्यात कमी पैसे लागतात आणि जी सगळ्यात कमी केली जाते तिच्याकडे: काम कसं आहे ते खरं खरं सांगणं. भरतीचं पत्रक तुम्ही पाहिलं असेल. 'मुलींसाठी सुवर्णसंधी! दहावी-बारावी पास, आकर्षक पगार, बस, नाश्ता-जेवण मोफत.' पत्रक खोटं असतं असं नाही, पण जे लिहिलेलं नसतं तिथेच मुलगी अडखळते. वायरिंग हार्नेसचं काम घ्या, म्हणजे गाडीच्या आत पसरलेल्या सगळ्या वायरींची जुडी बनवणं. बोटं नाजूक लागतात म्हणून या कामात बायका जास्त. ते काम आठ तास उभ्याने असतं. बोर्ड पुढे सरकत राहतो, त्याच्या वेगाशी हात जुळवावे लागतात. लघवीला जायचं तर आपल्या जागी रिलीव्हर यावी लागते. पहिल्या पंधरा दिवसांत बोटांची टोकं सोलवटतात. आणि पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की काचेच्या बांगड्या, अंगठी आणि लोंबतं मंगळसूत्र काढा, मशीनजवळ चालणार नाही. नियम अगदी योग्य आहे, प्रेसमध्ये अडकलेली बांगडी हात घेऊन जाते. पण नुकतं लग्न झालेली मुलगी संध्याकाळी मोकळ्या हातांनी घरी गेली की तिथे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तेच आधी सांगितलं असतं, तर ती आतून घट्ट बसणारं आखूड मंगळसूत्र करून आली असती, सासूशी आधी बोलली असती. एवढ्या कारणाने दुसऱ्या दिवशी न आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

पगाराचंही तसंच. समजा पत्रकात १६ हजार लिहिलंय. त्यातलं मूळ वेतन १३ हजार असेल तर १२ टक्क्यांनी पीएफचे १,५६० कापले जातात आणि ईएसआयचे पाऊण टक्क्याने १२०. हातात येतात १४,३२०. पीएफ तिचाच असतो, ईएसआयवर दवाखाना असतो, हे खरं. पण घरी तिने सोळा सांगितलेले असतात. पहिल्या पगाराच्या दिवशी घरात तीच खोटी ठरते. मुलाखतीच्या वेळीच एक नमुना पगारपत्रक समोर ठेवून कापला जाणारा प्रत्येक रुपया दाखवला, तर हा प्रसंग येत नाही.

आणि झोप. दुसऱ्या पाळीची बाई सव्वाला घरात येते, हातपाय धुऊन पाठ टेकायला दीड-दोन. सहा-साडेसहाला पाणी येतं, डबे असतात, शाळेची रिक्षा असते. पूर्ण रात्रपाळी त्याहून अवघड, कारण सकाळी आठला आलेल्या बाईला दिवसा झोपू देणारी घरं फार थोडी. पुरुष नाईट करून आला की घरात टीव्हीचा आवाज बारीक होतो. सून नाईट करून आली की तिच्यासाठी भांडी ठेवलेली असतात. वर्षानुवर्षं रात्रपाळी केल्याचे परिणाम गंभीर असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'माणसात कर्करोगाला बहुधा कारणीभूत' अशा गटात टाकलं आहे. हे सांगितलं तर बायका घाबरतील, असं मला एकदा एका भरती अधिकाऱ्याने सांगितलं. घाबरतील त्या घाबरोत. पाळी किती दिवसांनी बदलेल, सलग किती रात्री लागतील, गरोदरपणात रात्रपाळीतून सूट कशी मिळेल, हे विचारायचं तिला सुचेल तरी.

खरं सांगितल्याने माणसं पळतात, हा समज जुना आहे आणि त्याची पारखही जुनीच आहे. अमेरिकेत जॉन वॅनस या संशोधकाने टेलिफोन कंपनीत ऑपरेटर म्हणून येणाऱ्या बायकांवर एक प्रयोग केला, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणींना नेहमीची गोड फिल्म दाखवली, काही जणींना कामातला कंटाळा आणि वरिष्ठांची सततची नजरही दाखवणारी. खरी फिल्म पाहून नोकरी नाकारणाऱ्या काही जास्त निघाल्या नाहीत. पुढे त्यांच्या मनात नोकरी सोडायचे विचार मात्र कमी आले. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण ज्याला पहिल्या आठवड्यात धक्का बसत नाही तो टिकतो, हे कुठल्याही लाईन लीडरला विचारा, तोही हेच सांगेल.

आम्ही केलं ते असं. निवड झालेल्या मुलीला रुजू होण्याआधी एक संध्याकाळ कारखान्यात बोलवायचं, आणि सकाळी अकराला नाही, रात्री नऊला. सकाळी सगळे कारखाने छान दिसतात, साहेब फिरत असतात, कँटीन ताजं असतं. रात्री नऊला ती तिच्याच लाईनच्या कडेला तासभर उभी राहायची, कँटीनमध्ये जेवायची, स्वच्छतागृह बघायची, तिथे काम करणाऱ्या दोघी-तिघींशी साहेब बाजूला नसताना बोलायची. मग बाराच्या गाडीने, तिच्याच मार्गाने, तिच्याच दारापर्यंत. सोबत घरचं कुणी आणायचं असेल तर आणावं. आम्ही बोलावणं द्यायचो, ठरवायची ती. एकदा एका मुलीबरोबर सासूबाई आल्या होत्या. त्यांनी लाईनकडे फारसं पाहिलंच नाही. परतीच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे बसून सगळा रस्ता त्याला प्रश्न विचारत होत्या. गाव कुठलं, घरी कोण, किती वर्षं चालवतो. उतरताना मला म्हणाल्या, "येईल ती. पण हाच ड्रायव्हर ठेवा."

त्या रात्रीनंतर काही मुली आल्या नाहीत. प्रोडक्शनचे साहेब चिडले, तीन दिवसांचं भरतीचं काम वाया म्हणाले. मी त्यांना आधीचा हिशोब दाखवला. न सांगता घेतलेल्या मुली नवव्या-दहाव्या दिवशी जायच्या, म्हणजे प्रशिक्षण संपून हात बसायला लागतो तेव्हा. त्यांचा ड्रेस, शूज, ट्रेनरचे दिवस सगळं गेलेलं असायचं, आणि बोर्डावरची जागा पुन्हा रिकामी.

या सगळ्याला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. दारापर्यंतची गाडी लहान मुलाला रात्री कोण सांभाळणार हा प्रश्न सोडवत नाही. कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, पण रात्री उघडं असलेलं पाळणाघर मी अजून पाहिलेलं नाही. एखाद्या लाईनवर रात्री एकच बाई असेल तर बाकी सगळं चोख असूनही ती टिकत नाही, चार-पाच जणी एकत्रच टाकाव्या लागतात. आणि लहान कारखान्याला दोन ट्रॅव्हलर परवडत नाहीत. एकाच रस्त्यावरच्या तीन-चार कारखान्यांनी पाळी सुटायची वेळ जुळवून गाड्या एकत्र लावाव्यात, हे अनेक बैठकांत मी ऐकलं आहे. ते जमलेलं एकदाही पाहिलेलं नाही, कारण आपली माणसं दुसऱ्याच्या गाडीत बसली तर तो पळवेल ही भीती प्रत्येक मालकाला असते.

तुमच्या घरातली कुणी अशा नोकरीच्या मुलाखतीला निघाली असेल, तर तिला एवढंच सांगा. मुलाखत दिवसा होऊ दे. पण होकार देण्याआधी एकदा, सोबत कुणाला तरी घेऊन, रात्री बाराला कारखान्याच्या गेटसमोर जाऊन थांब. कुठली गाडी बाहेर येते, तिच्यात गार्ड आहे का, ते बघ. आणि त्या गाडीत चढणाऱ्या एखादीला विचार, "ताई, तुम्हाला कुठे सोडतात? दारात, की फाट्यावर?"